सतरा नंबर गैरहजर होता: गुणांच्या सामायिक शीटमधल्या चुका कुठे अडवायच्या

निकालाच्या आठवड्यात नागपुरातल्या शाळांचे व्हॉट्सअॅप ग्रुप एकाच विषयावर चालतात. परीक्षा विभागप्रमुख गूगल शीटची लिंक टाकतात, "आज संध्याकाळपर्यंत गुण भरा" असा निरोप येतो, आणि रात्री दहा वाजता कोणीतरी विचारतं, "माझ्या तुकडीतल्या एका मुलाला वीसपैकी ७१ कसे काय दिसून राहिले?" ७१ ची चूक सगळ्यांना दिसते, म्हणून ती लगेच दुरुस्तही होते. खरा घोळ घालणारी चूक कोणाच्या नजरेत भरत नाही. तिची सुरुवात बहुतेक वेळा एका गैरहजर विद्यार्थ्यापासून होते.

ही चूक नेमकी कशी होते आणि शीटलाच ती अडवायला कसं लावायचं, ते एका तुकडीच्या उदाहरणावरून पाहू. नववीची एक तुकडी, ४२ विद्यार्थी, गणिताची २० गुणांची घटक चाचणी. त्या दिवशी रोल नंबर १७ आला नव्हता.

## नेमकं काय होतं?

शिक्षकांनी पेपर तपासून गुण कागदावर उतरवले. १७ पुढे एक आडवी रेघ मारली. आता एक जण गुण वाचतो, दुसरा टाईप करतो: "चौदा, अकरा, अठरा…" वाचणारा फक्त आकडे वाचतो, रेघ कोण वाचणार? टाईप करणारा आकडा टाकून एंटर दाबतो आणि खालच्या चौकोनात जातो. रोल नंबर १८ चे गुण १७ च्या पुढे पडतात, १९ चे १८ ला, असं शेवटपर्यंत. ४२ नंबरचा चौकोन मोकळा राहतो. दोघांपैकी एकाच्या लक्षात आलं तर ठीक. नाहीतर "शेवटच्याचा पेपर सापडला नाही वाटते" म्हणून पुढचं पान सुरू होतं.

१७ ते ४१ अशा २५ विद्यार्थ्यांच्या पुढे आता दुसऱ्याचे गुण आहेत. त्यातही न आलेल्या मुलाला गुण मिळालेत आणि पेपर लिहिलेल्या ४२ नंबरला काहीच नाही.

ही चूक पकडायला लोक काय करतात? कागदावरची बेरीज आणि शीटमधली बेरीज ताडून पाहतात. ती तंतोतंत जुळते, कारण आकडे तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत. सरासरी जुळते. सर्वांत जास्त गुणही जुळतात. किती जणांचे गुण भरले ते मोजा, तेही जुळतं: कागदावर ४१, शीटमध्ये ४१. म्हणजे आपण ज्या तपासण्यांवर विसंबतो त्या सगळ्या पास, आणि निम्म्याहून जास्त वर्गाचे गुण चुकीचे.

## मर्यादा घातली तर?

शीटमध्ये व्हॅलिडेशन नावाची सोय असते. एखाद्या चौकोनात काय चालेल आणि काय नाही याचा नियम आधीच लावून ठेवायचा, म्हणजे नियमाबाहेरचं काही टाईप केलं की शीट ते घेत नाही. गुणांसाठी सर्वांत साधा नियम म्हणजे ० ते २० मधलाच आकडा.

या एका नियमानं बरंच काही थांबतं. १७ ऐवजी ७१ पडत नाही. १८ लिहिताना शून्य जास्त लागून १८० होत नाही. शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर टाकलेला "दहा" जात नाही. हा शेवटचा प्रकार फार बेरकी आहे. डोळ्यांना तो दहाच दिसतो, पण शीटच्या लेखी ते अक्षर असतं, आणि `SUM` अक्षरांकडे गुपचूप दुर्लक्ष करतं. बेरीज दहानं कमी येते आणि कुठेही लाल खूण दिसत नाही.

आणखी एक गंमत म्हणजे तारीख. दहापैकी आठ या अर्थानं कोणी `8/10` लिहिलं, की शीट त्याची ८ ऑक्टोबर करून टाकते. शीटच्या पोटात तारीख ही एक संख्याच असते आणि हल्लीच्या तारखांसाठी ती ४५ हजारांच्या वर जाते. त्यामुळे "फक्त संख्या चालेल" एवढाच नियम असेल तर ही तारीख आरामात आत शिरते. वरची मर्यादा असेल तरच अडते.

पण आपल्या १७ नंबरचं काय? तिथे पडलेले ११ गुण ० ते २० मध्येच आहेत. मर्यादेचं काम संत्र्यांच्या प्रतवारीसारखं आहे. चाळणीच्या भोकापेक्षा मोठं फळ वेगळं निघतं, पण मापात बसलेलं फळ कोणाच्या बागेतलं हे चाळणीला कसं कळणार? त्यासाठी शीटला अजून एक गोष्ट माहीत असावी लागते: या मुलानं पेपर दिला होता का?

## शून्य, मोकळा चौकोन आणि गैरहजर

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मुलगा आला, पेपर दिला, गुण मिळाले नाहीत. मोकळा चौकोन म्हणजे गुण अजून भरायचे आहेत. गैरहजर म्हणजे भरायला गुणच नाहीत. एकाच रकान्यात या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या मर्जीनं लिहिल्या जातात, आणि मग कोणी `-` टाकतं, कोणी `A`, कोणी `Ab.`, कोणी "गै.ह." आणि कोणी सरळ `0`. नंतर गैरहजर किती ते मोजायला गेलं तर सूत्राला यातलं एकच रूप सापडतं.

"गैरहजराला शेवटी शून्यच धरायचे, मग आधीच शून्य टाकले तर बिघडते काय?" हा प्रश्न हमखास येतो. पाच मुलांचा हिशेब करून पाहू. चौघांचे गुण १४, १७, ११ आणि १८, पाचवा गैरहजर. गैरहजराचा चौकोन मोकळा असेल तर `AVERAGE` चौघांचीच सरासरी काढतं, ती येते १५. त्याच जागी ० टाकला की ६० ला पाचनं भागलं जातं आणि सरासरी १२ होते. वर्ग तोच, पेपर तोच, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर "गणितात तुकडी मागे" असा शेरा.

शिवाय गैरहजराला शून्य धरायचं, फेरपरीक्षा घ्यायची की वैद्यकीय दाखला पाहून वेगळा निर्णय करायचा, हे ठरवायचं काम शाळेच्या परीक्षा नियमांचं आहे, टाईप करणाऱ्याचं नाही. गैरहजर म्हणून नोंदवलेल्याला नंतर केव्हाही शून्य धरता येतं. एकदा शून्य लिहून ठेवलं, तर दोन महिन्यांनी ते खरं शून्य होतं की गैरहजेरी, हे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडल्याशिवाय कळत नाही.

## हजेरीचा रकाना गुणांच्या आधी

म्हणून हजेरी आणि गुण एकाच चौकोनात कोंबू नका. प्रत्येक विषयाला वेगळा टॅब ठेवा आणि त्यात पाच रकाने: A मध्ये रोल नंबर, B मध्ये नाव, C मध्ये हजेरी, D मध्ये गुण, E मध्ये तपासणी. कमाल गुण D2 मध्ये लिहा, आपल्या उदाहरणात २०. तिसऱ्या ओळीत रकान्यांची नावं, आणि चौथ्या ओळीपासून ४५ व्यापर्यंत ४२ विद्यार्थी. १७ नंबर विसाव्या ओळीत येतो.

C4 ते C45 निवडा, `Data` मधून `Data validation` उघडा, `Add rule` दाबा आणि `Criteria` मध्ये `Dropdown` घ्या. पर्याय तीनच द्या: `हजर`, `AB` आणि `ML`. AB म्हणजे गैरहजर, ML म्हणजे वैद्यकीय कारणानं गैरहजर. खाली `Advanced options` मध्ये `Reject the input` निवडा. आता चौकोनावर क्लिक केलं की यादी उघडते, तिच्याबाहेरचं काही घेतलं जात नाही, आणि `Ab.` व "गै.ह." यांची कटकट मिटते.

तीनाचे सात पर्याय करायचा मोह होतो. उशिरा आला, अर्ध्यात गेला, क्रीडास्पर्धेला गेला… निकालात ज्याचा वेगळा हिशेब होणार नाही त्याला वेगळा कोड देऊ नका. यादी लांबली की माणूस वरचा पर्याय दाबून मोकळा होतो.

हा रकाना कोणी आणि कधी भरायचा, याला माझ्या मते सगळ्यात जास्त महत्त्व आहे. तो गुण भरताना भरायचा नाही. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकाकडून गैरहजर विद्यार्थ्यांची चिठ्ठी परीक्षा विभागाकडे येतेच. ती हातात असतानाच, एकही पेपर तपासला जाण्यापूर्वी, सगळ्यांपुढे `हजर` भरून फक्त गैरहजरांचे कोड बदलायचे. म्हणजे हजेरीची नोंद एका माणसाची आणि गुणांची नोंद दुसऱ्या माणसाची होते. दोघं एकाच जागी सारखेच चुकतील अशी शक्यता फार कमी.

## गुणांच्या चौकोनाचा नियम

आता D4 ते D45 निवडून दुसरा नियम लावा. यावेळी `Criteria` मध्ये `Custom formula is` घ्या आणि हे सूत्र द्या:

```
=AND(C4="हजर",ISNUMBER(D4),D4>=0,D4<=$D$2,MOD(D4*2,1)=0)
```

सूत्र पाच गोष्टी एकदम तपासतं. विद्यार्थी हजर होता का, लिहिलेली संख्याच आहे का, ती शून्याच्या खाली नाही ना, कमाल गुणांच्या वर नाही ना, आणि ती पूर्ण किंवा अर्ध्या गुणातच आहे ना. १२.५ चालेल, १२.३ चालणार नाही. तुमच्याकडे अर्धा गुण देत नसतील तर शेवटच्या भागातलं `*2` काढून टाका. `$D$2` मधल्या डॉलरच्या खुणा ठेवायला विसरू नका. त्या नसतील तर खालच्या ओळींमध्ये कमाल गुणांची जागा सरकत जाते आणि पाचव्या ओळीचा नियम D2 सोडून D3 मधल्या शीर्षकाशी गुण ताडू लागतो.

इथेही `Reject the input` हवं. `Show a warning` निवडलं तर कोपऱ्यात एक लाल त्रिकोण येतो आणि चुकीचा आकडा तसाच आत राहतो. घाईत असलेला माणूस त्रिकोण पाहत नाही. `Show help text for a selected cell` वर टिक करून मराठीत एक वाक्य लिहा: "विद्यार्थी गैरहजर आहे किंवा गुण कमाल गुणांपेक्षा जास्त आहेत. रोल नंबर पुन्हा पाहा." हे नाही लिहिलं तर "सर, हे आकडा काऊन घेत नाही?" असे फोन येणार म्हणून समजा.

आता तोच प्रसंग पुन्हा चालवून पाहू. वाचणारा रेघ सोडून पुढचा आकडा वाचतो, "अकरा". टाईप करणारा विसाव्या ओळीत ११ टाकून एंटर दाबतो. शेजारी C20 मध्ये AB आहे. शीट आकडा नाकारते आणि निरोप दाखवते. चूक जिथे सुरू झाली असती त्याच ओळीवर थांबली, २५ मुलांपर्यंत पोचलीच नाही. गैरहजर मुलाचा कोड इथे नोंदीपुरता राहिला नाही. यादीत मध्ये ठोकलेल्या खुंटीसारखा तो पुढचे सगळे आकडे आपापल्या ओळीत धरून ठेवतो.

## "कॉपी-पेस्ट केलं की सगळं मोडतं ना?"

हो, मोडतं. दुसऱ्या शीटमधला रकाना उचलून साधं `Ctrl+V` केलं, तर आकड्यांबरोबर त्या जुन्या चौकोनांचं स्वरूप आणि नियमही येतात, आणि आपण लावलेला नियम पुसला जातो. एक्सेलमध्येही पेस्ट केलेल्या आकड्यांना व्हॅलिडेशन अडवत नाही. `Ctrl+Shift+V` नं फक्त मजकूर पेस्ट होतो आणि नियम जागेवर राहतो, पण तीस शिक्षकांना हे सांगून ते सगळे लक्षात ठेवतील या भरवशावर निकाल लावता येत नाही. शिवाय नियम लावण्याआधीपासून शीटमध्ये असलेले चुकीचे आकडेही नियम लावल्यानं निघून जात नाहीत. त्यांच्या कोपऱ्यात खूण तेवढी येते.

यासाठी E रकाना. तो दारावर उभा नसतो. आत काय आहे ते पाहून सांगतो, मग ते टाईप करून आलेलं असो की पेस्ट करून. E4 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=IF(C4="","हजेरी नाही",
 IF(C4="हजर",
  IF(D4="","बाकी",
   IF(AND(ISNUMBER(D4),D4>=0,D4<=$D$2),"ठीक","गुण तपासा")),
  IF(D4="","ठीक","दोन्ही भरले")))
```

कोणी सरकलेले ४१ आकडे एकदम पेस्ट केले, तर विसाव्या ओळीत "दोन्ही भरले" आणि ४५ व्या ओळीत "बाकी" असं दिसेल. वर एक आणि तळाशी एक अशी जोडी दिसली की मधले सगळे एक घर सरकलेत असं समजायला हरकत नाही. गुण आधी भरले आणि AB नंतर निवडलं, तरी "दोन्ही भरले" येतं. D चा नियम तेव्हा काही बोलत नाही, कारण नियम तपासला जातो तो D मध्ये टाईप करताना. E मधला प्रत्येक चौकोन "ठीक" होईपर्यंत तो विषय पूर्ण झाला असं धरायचं नाही.

हा रकाना कोणाच्या हातून पुसला जाऊ नये म्हणून `Data` मधल्या `Protect sheets and ranges` मधून A, B, C, E रकाने आणि D2 फक्त परीक्षा विभागाला बदलता येतील असे करा. विषय शिक्षकाला D4 ते D45 मोकळं. याचा एक जास्तीचा फायदा म्हणजे कोणी नुसता नावांचा रकाना वर्णक्रमानं लावून बाकीचे रकाने तसेच ठेवण्याचा पराक्रम करू शकत नाही. ज्यांना यादी आपल्या सोयीनं पाहायची आहे त्यांनी फिल्टर व्ह्यू वापरावा. त्यात केलेली मांडणी दुसऱ्यांच्या शीटमध्ये दिसत नाही.

## मर्यादाच चुकली असेल तर?

टॅबची नक्कल करून दुसरा विषय तयार करताना हे फार होतं. नववी-दहावीला भाषेचा लेखी पेपर ८० गुणांचा, पण गणिताचे दोन भाग ४०-४० चे आणि अंतर्गत मूल्यमापन २० चं. मराठीच्या टॅबची नक्कल करून त्याला "गणित भाग १" नाव दिलं आणि D2 मध्ये ८० तसंच राहिलं, तर ३४ ऐवजी पडलेले ४३ खुशाल आत जातात आणि E रकानाही "ठीक" म्हणतो, कारण तोही D2 लाच विचारतो. म्हणून D1 मध्ये `=MAX(D4:D45)` ठेवा. चाळीसच्या पेपरात सर्वांत जास्त गुण ४३ दिसले, तर शिक्षकाच्या डोळ्यांना ते खटकतंच.

आणि मर्यादेच्या आतली चूक? १६ च्या जागी ६, १४ च्या जागी १५? ती यातलं काहीच पकडत नाही. त्याला एकच उपाय आहे. दुसऱ्या माणसानं शीटवरून वाचायचं आणि पहिल्यानं कागदावर पाहायचं, म्हणजे भरतानाच्या उलट दिशेनं. आकड्याच्या आधी दर वेळी रोल नंबर मोठ्यानं म्हणायचा. नंतर वाद झालाच, तर त्या चौकोनावर उजवं क्लिक करून `Show edit history` मध्ये आकडा कोणी आणि कधी बदलला ते दिसतं. मात्र त्यासाठी प्रत्येकानं स्वतःच्या खात्यानं शीट उघडलेली असावी. "लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो" अशी शीट वाटली असेल तर तिथे नावाऐवजी नुसता अनामिक माणूस दिसू शकतो.

## निकालपत्रकात काय जाईल?

सगळे विषय एकत्र करणाऱ्या पत्रकासाठी F रकान्यात एक ओळ पुरते:

```
=IF(C4="हजर",IF(D4="","",D4),C4)
```

हजर असेल तर गुण, नाहीतर कोड. मधली `IF(D4="","",D4)` ही तपासणी उगाच लांबण लावलेली नाही. एक्सेलमध्ये मोकळ्या चौकोनाचा नुसता संदर्भ दिला की तिथे ० उमटतो, आणि "अजून भरायचे आहेत" चं रूपांतर "शून्य मिळाले" मध्ये होतं. निकालपत्रकात बेरीज करताना `SUM` वापरा. दोन चौकोन अधिकच्या चिन्हानं जोडले तर AB आलेल्या ओळीत `#VALUE!` येईल. पण `SUM` हा AB सोडून उरलेली बेरीज मुकाट्यानं देतो हेही लक्षात असू द्या. त्या एकूण गुणांशेजारी AB दिसलं पाहिजे, नाहीतर सहापैकी पाच विषयांची बेरीज सहा विषयांची म्हणून वाचली जाते.

राहता राहिला फेरपरीक्षेचा प्रश्न. १७ नंबरनं पुढच्या आठवड्यात चाचणी दिली आणि त्याला १३ मिळाले, तर C20 मधला AB काढून `हजर` करू नका. मूळ दिवशी तो नव्हता ही नोंद तशीच राहू द्या. फेरपरीक्षेच्या गुणांना G रकाना द्या, त्याला D सारखाच नियम लावा, फक्त सूत्रातला पहिला भाग उलटा करून `C4<>"हजर"` लिहा आणि `D4` च्या जागी सगळीकडे `G4` करा. मग ज्यानं मूळ चाचणी दिली आहे त्याच्या पुढे फेरपरीक्षेचे गुण चुकूनही टाईप होणार नाहीत.